घरफाळ्याचा हिशेब : भीती, लाज आणि विश्वास

कोडोली (जि. कोल्हापूर) : दरवर्षी सप्टेंबरअखेर न चुकता घरफाळा भरणारा एक गृहस्थ आणि तीन वर्षे पावती न केलेला त्याचा शेजारी. एकाच गल्लीत, एकाच मापाच्या घरांत राहणाऱ्या या दोघांपैकी शहाणा कोण, हा प्रश्न नोव्हेंबर २०२५ पासून राज्यातील गावागावांत नव्याने विचारला जाऊ लागला. मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानाच्या निमित्ताने राज्य शासनाने ग्रामपंचायतींच्या थकबाकीवर सवलतीचा मार्ग खुला केला. चालू वर्षाचा कर पूर्ण भरावा, मागील थकबाकीची निम्मी रक्कम एकरकमी भरावी आणि उरलेली निम्मी माफ करून घ्यावी, असे या योजनेचे स्वरूप होते. ती स्वीकारायची की नाही, हे ठरविण्याचे काम ग्रामसभेकडे सोपविण्यात आले. पंचायतीच्या तिजोरीत अडकलेला पैसा यावा, हा हेतू गैर नाही. मात्र वेळेवर पैसे भरणाऱ्याच्या मनात या सवलतीने काय पेरले, याचा हिशेब कोणत्याही रोजकीर्दीत उमटत नाही.

माणसे कर का भरतात, या जुन्या प्रश्नाकडे पाहण्यासाठी घरफाळ्याइतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. प्राप्तिकरात उत्पन्न लपविता येते, व्यापारात बिल टाळता येते. घर मात्र लपविता येत नाही. ते ग्रामपंचायतीच्या ‘नमुना ८’ मध्ये म्हणजे करआकारणीच्या नोंदवहीत मालकाच्या नावासह नोंदलेले असते. मागणी ‘नमुना ९’ मध्ये चढते, बिल ‘नमुना ९-क’ मध्ये घरी येते आणि पावती ‘नमुना १०’ मध्ये मिळते. तेव्हा येथे प्रश्न लपवालपवीचा नसून, ‘आज भरू की पुढे ढकलू’ एवढाच उरतो. पन्हाळा तालुक्यातील कोडोली हे वारणा खोऱ्यातील मोठ्या गावांपैकी एक. साखर कारखाना आणि दूध संघ असलेले वारणानगर शेजारीच. अशा सधन गावात थकबाकीचे कारण केवळ गरिबी असू शकत नाही, आणि म्हणूनच येथून हा प्रश्न तपासणे उपयोगाचे ठरते.

एका घराचा हिशेब

प्रथम आकडे पाहू. ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने राज्यातील ग्रामपंचायतींचा मालमत्ता कर भांडवली मूल्यावर आधारित झाला. सूत्र दिसते तितके अवघड नाही. घराच्या क्षेत्रफळाला जमिनीच्या दराने गुणायचे. त्याच क्षेत्रफळाला बांधकामाच्या दराने गुणून, घर जितके जुने तितका घसारा वजा करायचा. दोन्ही रकमांची बेरीज करून तिला वापराचा भारांक लावायचा. राहत्या घराला भारांक कमी, दुकानाला किंवा कारखान्याला जास्त. जे मूल्य येईल त्यावर दर हजारी काही पैसे किंवा रुपये असा ग्रामपंचायतीने ठरविलेला दर लागतो.

समजा, कोडोलीत ७४ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे ८०० चौरस फुटांचे सिमेंट काँक्रीटचे घर आहे. हिशेबापुरता जमिनीचा दर चौरस मीटरला ५०० रुपये, बांधकामाचा दर १६ हजार रुपये, घसाऱ्यानंतर उरलेले मूल्य ९० टक्के आणि राहत्या वापराचा भारांक एक धरू. जमिनीचे मूल्य ३७ हजार रुपये येते, बांधकामाचे १० लाख ६५ हजार ६०० रुपये; एकूण ११ लाख २ हजार ६०० रुपये. दर हजारी दीड रुपया असेल तर वर्षाचा घरफाळा १,६५४ रुपये होतो. पाणीपट्टी, दिवाबत्ती व आरोग्य कर वेगळे. महिन्याला १३८ रुपये. मोबाईलच्या रिचार्जपेक्षा ही रक्कम कमीच भरते.

आता बक्षीस आणि शिक्षा. वर्षाच्या पहिल्या सहामाहीत म्हणजे सप्टेंबरअखेर कर भरणाऱ्यास ५ टक्के सूट मिळते. वर्ष संपेपर्यंत न भरणाऱ्यास ५ टक्के दंड लागतो. आपल्या घरासाठी ही रक्कम दोन्ही बाजूंनी ८३ रुपये आहे. वेळेवर भरणारा १,५७१ रुपये देतो. कागदावर पाहता ही रचना बरी आहे. लवकर भरण्यात फायदा आहे, आणि ज्याच्याकडे सप्टेंबरमध्ये पैसे आहेत त्याने थांबण्यात अर्थ नाही.

पण निम्म्या माफीची सवलत आली की संपूर्ण हिशेब उलटतो. तीन वर्षे वेळेवर भरणाऱ्याने ४,७१३ रुपये दिले. तीन वर्षे न भरणाऱ्याच्या नावावर दंडासह ५,२११ रुपये चढले. दंडासकट त्याचे निम्मे माफ झाले असे धरले, तर तो २,६०६ रुपयांत मोकळा होतो. म्हणजे नियम पाळणाऱ्याने शेजाऱ्यापेक्षा सुमारे २,१०० रुपये अधिक मोजले. ८३ रुपयांची सूट आणि ८३ रुपयांचा दंड यांनी तीन वर्षे जे शिकविले, ते एका निर्णयाने पुसून टाकले. रक्कम लहान आहे, पण धडा मोठा आहे.

भीतीचा हिशेब अपुरा का पडतो?

कर भरण्यामागे भीती असते, हे उत्तर सर्वांत जुने. १९७२ मध्ये मायकेल ॲलिंगहॅम आणि आग्नार सँडमो या अर्थतज्ज्ञांनी त्याला गणिताचे रूप दिले. पकडले जाण्याची शक्यता किती आणि पकडल्यावर दंड किती, याचा विचार करून माणूस चोरी करायची की नाही ते ठरवितो, असा त्यांचा सिद्धांत होता. हे गणित जसेच्या तसे लावले तर जगात प्रत्यक्षात होते त्याहून कितीतरी अधिक करचोरी व्हायला हवी. कारण तपासणी फार थोड्यांची होते आणि दंड फारसे जबर नसतात. तरीही बहुसंख्य लोक कर भरतात. हे जे ‘तरीही’ आहे, त्यालाच अर्थशास्त्रात ‘टॅक्स मोराल’ म्हणतात. मराठीत त्याला करनिष्ठा म्हणता येईल.

ग्रामपंचायतीच्या बाबतीत तर भीतीचे शस्त्र कागदावर आहे, हातात मात्र क्वचितच घेतले जाते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२९ मध्ये वसुलीच्या पायऱ्या दिल्या आहेत. आधी बिल, मग मागणीचा लेख, तरीही रक्कम न आल्यास अधिपत्र काढून जंगम मालमत्तेची जप्ती व विक्री. याही मार्गाने वसुली न झाल्यास जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे ती करण्याची वाट आहे. पण जप्तीचा आदेश काढणारे सरपंच आणि ज्याच्या दारात जप्ती जायची तो ग्रामस्थ, हे एकाच प्रभागातील मतदार असतात. वसुली करणारा कर्मचारी त्याच गल्लीत लहानाचा मोठा झालेला असतो. १,६५४ रुपयांसाठी कोणाचा दूरचित्रवाणी संच उचलून आणण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. आणि ज्या दिवशी केले जाते, त्या दिवशी ते बहुधा दुबळ्याच्या दारात केले जाते.

भीती खरोखर काम करते अशी एक जागा मात्र याच कायद्यात आहे. कलम १४ प्रमाणे, ग्रामपंचायतीच्या कराचे बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत ते न भरणारा सदस्य अपात्र ठरतो. त्यामुळे निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला की वर्षानुवर्षांच्या थकबाक्या काही दिवसांत भरल्या जातात आणि थकबाकी नसल्याच्या दाखल्यासाठी रांग लागते. येथे रक्कम तीच, माणूस तोच. बदलली ती फक्त पणाला लागलेली गोष्ट. शिक्षा किती कडक आहे यापेक्षा ती खात्रीने होईल का आणि माणसाला जे हवे आहे त्याच्याशी ती बांधलेली आहे का, यावर तिचा परिणाम अवलंबून असतो. कायद्यातील पळवाटही येथेच आहे. बिल रीतसर बजावल्याचा पुरावा पंचायतीकडे नसेल, तर अपात्रतेचे प्रकरण न्यायालयात टिकत नाही. अनेक प्रकरणे या एकाच मुद्द्यावर कोसळली आहेत.

कपातीची गोष्ट वेगळी आहे. वारणा काठचा ऊस उत्पादक विकास सेवा संस्थेचे पीककर्ज बहुधा उसाच्या बिलातून फेडतो. रक्कम हाती येण्यापूर्वीच वळती होते, म्हणून तेथे निष्ठेची परीक्षा होत नाही. नोकरदाराचा प्राप्तिकर पगारातून कापला जातो, तोही याच जातीचा. डेन्मार्कमध्ये झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले, की ज्या उत्पन्नाची माहिती मालक किंवा बँक परस्पर सरकारला कळविते, त्यात चोरी जवळपास नसते. जे उत्पन्न माणूस स्वतः सांगतो, त्यात ती भरपूर असते. तेव्हा नोकरदार प्रामाणिक आणि व्यापारी लबाड, असा निष्कर्ष काढण्यात घाई होईल. एकाला संधीच नसते, एवढाच त्याचा अर्थ. घरफाळ्यात कापून घेणारा मधला कोणी नाही. तेथे माणसाला स्वतःहून उठून कार्यालयात जावे लागते, किंवा आता मोबाईलवरून पैसे पाठवावे लागतात. म्हणूनच मन कुठे उभे आहे, हे तेथे उघडे पडते.

कोल्हापूरचा टोल : न्याय नाकारला गेला तेव्हा

कोल्हापूर जिल्ह्याने या प्रश्नाचे उत्तर एकदा रस्त्यावर दिले आहे. कोल्हापूर शहरातील सुमारे ५० किलोमीटरचे अंतर्गत रस्ते ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर आयआरबी कंपनीने केले. मूळ खर्चाचा अंदाज २२० कोटी रुपयांचा होता आणि त्या बदल्यात कंपनीला ३० वर्षे टोल वसूल करण्याचा हक्क मिळाला होता. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली आणि जानेवारी २०१४ मध्ये जमावाने टोलनाके पेटविले. प्रा. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारख्या ज्येष्ठांच्या नेतृत्वाखाली सर्वपक्षीय कृती समितीने हा लढा वर्षानुवर्षे चालविला. डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारने टोल रद्द करण्याचा निर्णय घेतला आणि कंपनीची भरपाई शासनाने केली.

नाके जाळणे समर्थनीय नव्हते. पण या आंदोलनाकडे ‘लोकांना फुकट हवे’ असे म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. रोज शिरोली नाक्यावरून शहरात जाणारे, कोडोलीसारख्या गावांतील नोकरदार आणि विक्रेते याच काळात वाहन कर भरत होते, पेट्रोलवरील कर भरत होते, घरफाळाही भरत होते. त्यांचे आक्षेप तीन होते. करार करताना आम्हाला कोणी विचारले नाही. ठरलेली कामे, म्हणजे गटारे, पदपथ, वृक्षारोपण पूर्ण नाहीत. आणि शहरातल्या शहरात रोजच्या येण्याजाण्यावर हा बोजा का? पहिला आक्षेप प्रक्रियेचा, दुसरा देवाणघेवाणीचा आणि तिसरा बोजाच्या वाटपाचा. जगभरच्या अभ्यासांत करनिष्ठेचे जे तीन आधार पुन:पुन्हा आढळतात, ते हेच. स्वित्झर्लंडमधील ज्या प्रांतांत नागरिक थेट मतदानाने खर्चाचे निर्णय घेतात, तेथे कर भरण्याची वृत्ती अधिक बळकट असल्याचे ब्रुनो फ्राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले आहे. ग्रामसभा ही आपल्याकडची त्याच धर्तीची व्यवस्था आहे. फरक इतकाच, की आपल्याकडे गणपूर्तीअभावी ग्रामसभा तहकूब होण्याचे प्रकार नित्याचे आहेत.

घरफाळ्यातही न्यायाची हीच तीन रूपे दिसतात. ‘आमच्या गल्लीत गटार तुंबले आहे, मग फाळा कशाचा?’ हा युक्तिवाद गावोगाव ऐकू येतो. तो प्रत्येक वेळी प्रामाणिक असतो असे नाही. न भरण्याचे निमित्त म्हणूनही तो वापरला जातो. खरे-खोटे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. गटार दुरुस्त झाल्यानंतरच्या वर्षी त्या गल्लीची वसुली वाढली तर तक्रार खरी होती. तशीच राहिली तर ते निमित्त होते. दुर्दैवाने गल्लीनिहाय वसुलीचा आकडा काढून पाहण्याची पद्धतच बहुतेक ग्रामपंचायतींत नाही.

दुसरी जखम शेजाऱ्याशी तुलनेची. आकारणीची दर चार वर्षांनी फेरतपासणी व्हावी, यादी प्रसिद्ध करून हरकती मागवाव्यात, असा नियम आहे. प्रत्यक्षात वरचा मजला चढला, पुढच्या खोलीत दुकान सुरू झाले, तरी नमुना ८ मध्ये जुनेच कौलारू घर नांदत असते. नवे घर बांधणाऱ्याची नोंद मात्र परवानगीच्या वेळीच काटेकोर होते. त्यामुळे समोरासमोरच्या दोन सारख्या घरांना निरनिराळी बिले येतात. आपले बिल जास्त आहे, यापेक्षा समोरच्याचे कमी आहे, ही गोष्ट माणसाला अधिक बोचते. करनिष्ठा येथे आतून पोखरली जाते आणि त्यासाठी कोणत्याही भ्रष्टाचाराची गरज लागत नाही. नोंदवही शिळी असणे पुरेसे होते.

याच नोंदवहीत थकबाकीचे आणखी एक कारण दडलेले असते. घर आजोबांच्या नावावर, आजोबा हयात नाहीत, तीन भावांची वाटणी झालेली नाही. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवितो, आणि एकट्याने भरले तर आपला हक्क सिद्ध होईल की खर्च अंगावर पडेल, या संभ्रमात वर्ष निघून जाते. ही बेफिकिरी नव्हे, ही वारसनोंदीची अडचण आहे. याउलट ज्यांच्या जागेची मालकी पक्की नाही, असे काही रहिवासी घरफाळा आवर्जून भरतात. करआकारणीची नोंद म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. तरीही वीजजोडणीपासून रहिवासाच्या पुराव्यापर्यंत ती पावती कामी येते. आपण या गावचे आहोत, हे सांगणारा तो कागद असतो. पैसे देण्यामागे आपलेपणाची अशीही एक भावना असते.

एका वाक्याची किंमत

गेल्या दोन दशकांत जगभरच्या कर प्रशासनांनी भीती आणि उपदेश यांच्यामधला एक तिसरा मार्ग चाचपून पाहिला. ब्रिटनच्या कर विभागाने २०११ मध्ये एक लाखाहून अधिक थकबाकीदारांना स्मरणपत्रे पाठविली. मजकूर सारखाच, फक्त एक वाक्य निरनिराळे. काहींना लिहिले की, दहापैकी नऊ लोक वेळेवर कर भरतात. काहींच्या पत्रात, ‘तुम्ही अजूनही न भरलेल्या मोजक्या लोकांपैकी आहात’, अशीही जोड होती. या शेवटच्या पत्राचा परिणाम सर्वांत अधिक झाला. साध्या पत्राच्या तुलनेत २३ दिवसांत पैसे भरणाऱ्यांचे प्रमाण सुमारे पाच टक्क्यांनी उंचावले. खर्च मात्र एका वाक्याच्या शाईचा.

हे ऐकून हुरळून जाण्यापूर्वी दोन मर्यादा ध्यानात घ्याव्यात. पहिली, ही माणसे आपले देणे आधीच मान्य केलेली होती. फक्त भरायचे राहिले होते. उत्पन्न लपविणाऱ्यांवर अशा पत्रांचा परिणाम संशयास्पद आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९९५ मध्ये केलेल्या प्रयोगात, ‘तुमच्या करातून शाळा व रस्ते होतात’ असे आवाहन करणाऱ्या पत्रांनी फारसा फरक पडला नाही. तपासणीची पूर्वसूचना देणाऱ्या पत्रांनी मध्यम उत्पन्नाच्या लोकांनी अधिक उत्पन्न दाखविले, तर अतिश्रीमंतांनी उलट कमी दाखविले. सल्लागार हाताशी असलेल्यांना ही पत्रे म्हणजे घासाघीस सुरू झाल्याचा इशाराच वाटला असावा.

दुसरी मर्यादा आपल्यासाठी अधिक महत्त्वाची. ‘दहापैकी नऊ’ हे वाक्य चालले, कारण ते खरे होते. एखाद्या प्रभागात सप्टेंबरअखेर निम्म्याच घरांनी फाळा भरला असेल आणि पंचायतीने फलकावर ‘निम्मे ग्रामस्थ थकबाकीदार’ असे लिहिले, तर त्यातून लाज निर्माण होत नाही. ‘आपण एकटे नाही’ असा दिलासा मिळतो. वसुली कमी असलेल्या गावात थकबाकीचा गाजावाजा करणे हे वसुलीला मारक ठरू शकते. तेथे खरा पण आशादायक आकडा शोधावा लागतो. उदाहरणार्थ, या प्रभागात गेल्या वर्षीपेक्षा किती घरे अधिक भरू लागली, किंवा सलग पाच वर्षे वेळेवर भरणारी घरे किती. घरफाळ्याचे बिल हे प्रश्नातील गुणधर्मामुळे या प्रयोगाला योग्य आहे. कारण देणे ठरलेले असते, फक्त ढकलले जात असते.

आपल्याकडे अशीच एक युक्ती लोकअदालतीच्या रूपाने आधीपासून चालू आहे. ग्रामपंचायती थकबाकीची दाखलपूर्व प्रकरणे राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवतात. ग्रामपंचायतीचे बिल दिवाणखान्याच्या खुंटीवर वर्षभर लटकते. पण विधी सेवा प्राधिकरणाच्या नावाची नोटीस आली की अनेकजण तारखेपूर्वीच पैसे भरून टाकतात. येथे सक्ती फारशी वाढलेली नसते. पाठविणारा बदललेला असतो आणि एक ठराविक तारीख मिळालेली असते.

लाजेचा वापर मात्र जपून करावा लागतो. पाटणा महापालिकेने २००६ मध्ये थकबाकीदारांच्या दारात तृतीयपंथीयांना गाणी म्हणण्यास पाठविले होते. महाराष्ट्रातील शहरांतही थकबाकीदारांच्या दारात बँड वाजविण्याचे प्रयोग झाले. त्यातून तात्पुरती वसुली होते. पण शहरात बँडवाला अनोळखी असतो, गावात तो ओळखीचा असतो. मोठ्या असामीच्या वाड्यापुढे तो वाजत नाही आणि विधवेच्या दारात वाजतो, एवढे गावाने एकदा पाहिले की लाज थकबाकीदाराची राहत नाही, पंचायतीची होते. शिवाय वर्षानुवर्षे एका समाजाला असा टोमण्याचे साधन म्हणून वापरणे, हेही अशोभनीयच.

माफीचे दुहेरी टोक

आता पुन्हा त्या निम्म्या माफीकडे वळू. माफी नेहमीच वाईट, असे म्हणता येणार नाही. ज्याची थकबाकी इतकी साचली आहे की ती भरणे त्याला अशक्य वाटते, तो चालू वर्षाचेही भरणे सोडून देतो. त्याला पाटी कोरी करून दिली तर तो पुन्हा नियमितांच्या रांगेत येऊ शकतो. चालू वर्षाचा पूर्ण कर भरण्याची अट या दृष्टीने योग्यच होती. पण हा लाभ मिळण्यासाठी एक गोष्ट आवश्यक असते. ही संधी शेवटची आहे, यावर लोकांचा विश्वास बसला पाहिजे.

तो विश्वास बसणे अवघड आहे, कारण आपला इतिहास त्याच्या विरुद्ध आहे. केंद्र सरकारने १९९७ मध्ये काळा पैसा जाहीर करण्याची योजना आणली. तिच्यातून सुमारे ३३ हजार कोटी रुपयांचे उत्पन्न उघड झाले. प्रामाणिक करदात्यांवर तो अन्याय असल्याची टीका झाली आणि अशी योजना पुन्हा आणणार नाही, अशी हमी सरकारला सर्वोच्च न्यायालयात द्यावी लागली. तरीही २०१६ मध्ये उत्पन्न जाहीर करण्याची नवी योजना आलीच. महापालिकांच्या अभय योजना तर ऋतूंसारख्या येत-जात असतात. पुणे महापालिकेने २०२० मध्ये थकबाकीदारांना दंडात ८० टक्के सवलत दिली, तेव्हाही नियमित करदात्यांनी ‘आमचे काय?’ असाच प्रश्न केला होता. येथे एक भेद मात्र नोंदविला पाहिजे. पुण्याने दंड माफ केला होता. ग्रामपंचायतींच्या योजनेत मूळ थकबाकीलाच कात्री लागली. दंड माफ केला तर नियमित भरणारा आणि उशिरा भरणारा बरोबरीत येतात. मुद्दल माफ केले तर उशिरा भरणारा पुढे निघून जातो.

इस्राएलमधील हैफा शहरातील पाळणाघरांत झालेला एक प्रयोग येथे आठवतो. मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावल्यावर उशीर कमी होण्याऐवजी वाढला. कारण दंड भरला की काम फत्ते, असे पालकांना वाटू लागले. दंड पुढे काढून घेतला, तरी जुनी शिस्त परत आली नाही. शिस्तीला एकदा किंमत चिकटली की ती लवकर सुटत नाही. माफीचेही तसेच आहे. ती एकदा दिली की पुढच्या माफीची वाट पाहणे हाच शहाणपणा ठरतो.

ग्रामसभेपुढचे काम

ग्रामपंचायतींच्या उत्पन्नात शासकीय अनुदानाचा वाटा मोठा असतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीपैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बांधलेली आणि ४० टक्के स्थानिक गरजांसाठी मोकळी होती. रस्ता, गटार, पाण्याची टाकी वरच्या पैशातून होते, म्हणून गावालाही आपल्या फाळ्यातून काही होते असे वाटत नाही आणि पदाधिकाऱ्यांनाही तो मागण्याची निकड वाटत नाही. ही साखळी तोडायची तर घरफाळ्याच्या पैशातून झालेले एखादे काम, रक्कम आणि प्रभाग यांसह वेगळे दाखवावे लागेल. बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गेल्या वर्षी तुमच्या प्रभागातून किती आले आणि त्यातून कोणते काम झाले, एवढ्या दोन ओळी छापल्या तरी पुरे.

ज्या गावांनी माफी दिली आहे, त्यांच्या ग्रामसभांनी आता ती पुन्हा दिली जाणार नाही, असा ठराव नोंदवहीत घेणे शहाणपणाचे होईल. वारसाच्या वादामुळे अडकलेली घरे, खरोखर भरू न शकणारी घरे आणि भरू शकत असून न भरणारी घरे, अशा तीन याद्या वेगळ्या कराव्यात. पहिलीला वारसनोंदीचे शिबिर हवे, दुसरीला हप्ते हवेत, जप्तीची नोटीस फक्त तिसरीला हवी. आणि ती नोटीस पहिल्यांदा सर्वांत मोठ्या दरवाज्यावर लागली पाहिजे. फेरआकारणीची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली, तर कोणाचा वरचा मजला नोंदीत नाही, हे गावाला सांगावे लागणार नाही. गावाला ते ठाऊकच असते.

सप्टेंबरअखेर रांगेत उभा राहणारा तो गृहस्थ १,५७१ रुपये देतो, तेव्हा तो केवळ कर भरीत नाही. शेजारीही भरेल आणि पंचायत दोघांना एकाच मापाने मोजेल, असे तो गृहीत धरतो. दंड पाच टक्के की दहा टक्के, यावर त्याचे पुढच्या वर्षीचे वागणे फारसे अवलंबून नाही. गेल्या वर्षी त्याचे हे गृहीतक खरे ठरले की नाही, यावर मात्र ते नक्कीच अवलंबून आहे.